नऊशे अंशांवरची सूट

आमच्या घराण्यात हैदराबादला जाऊन कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. हे सांगताना मला संकोच वाटत नाही, आणि कुणाला ही मिजास वाटत असेल तर वाटू द्या. हिंगोलीकडच्या गोरेगावच्या पलीकडे असलेल्या आमच्या गावात बी.एस्सी. म्हणजे काय हे कुणाला ठाऊक नव्हते. वडील विचारणाऱ्याला सांगत, "पोरगं तहसीलदाराच्या वरचं काहीतरी शिकून आलंय." त्यामुळे मला चुन्याच्या भट्टीवर नोकरी लागल्याचे कळले तेव्हा गावाने मोठ्या प्रेमाने दुःख केले. एक म्हातारे तर म्हणाले, "चुना भाजाया हैदराबादला कशाला जावं लागतंय? हितं भाजत्यात की."

दुसऱ्या मोठ्या लढाईचे दिवस होते. हिंगोलीबाहेर कयाधूवर पूल बांधायचे काम निजामाच्या तामिरात खात्याने, म्हणजे सरकारी बांधकाम खात्याने, काढले होते. सिमेंट मिळत नव्हते. म्हणून नदीकाठी चुन्याची भट्टी उभी केली. तिला दगडी कोळसा लागे, आणि तो रेल्वेने यायचा. पण मालगाडीच्या वाघिणी फौजेसाठी अडकलेल्या. कोळशाचा एक डबा आला की स्टेशनावर पाहुणा आल्यासारखी धावपळ व्हायची. अशा दिवसांत खात्याला एक केमिस्ट ठेवावासा वाटला, आणि तो मी होतो. हंगामी. जिल्ह्याचे मुख्य इंजिनियर, ज्यांना सगळे मोहतमीम साहेब म्हणत, त्यांनी रुजू होतानाच मला सांगितले होते, "भट्टी कोळसा कमी खाईल असं काही करून दाखवा. कायम करून टाकतो." हे कायम होणे एवढेच माझे त्या काळातले दैवत. हंगामी माणसाला त्या काळी मुलगीही कुणी देत नसे, आणि माझे लग्नाचे वय उलटून चालले होते.

मी कामाला लागलो. भट्टीत मातीचे छोटे शंकू ठेवायचे. ठरावीक उष्णतेला ते वाकतात, त्यावरून आत किती ताप आहे ते कळते. चुनखडी नऊशे अंशांच्या आसपास फुटते. त्यातला वायू निघून जातो आणि मागे कळीचा चुना राहतो. आमची भट्टी कधी साडेसातशेवर रेंगाळायची, कधी हजाराच्या पार जायची. ती नऊशेच्या जरा वर धरून ठेवायची, एवढेच माझे शास्त्र. खालची हवेची तोंडे कमीजास्त करून, दगड एकसारखे फोडून घेऊन मी ते बरेचसे जमवत आणले होते. भट्टीवरच्या मुकादमाला ते पटले होते असे नाही. त्याला एवढेच कळले होते, की मी आल्यापासून शिव्या त्याला कमी आणि मला जास्त बसतात.

आणि अशात सल्लागार साहेब आले.

ते मुंबईहून आले होते. त्याआधी पुण्यात, आणि त्याच्याही आधी विलायतेत होते. हे ते बोलण्याच्या पहिल्या दोन वाक्यांत सांगून टाकत, म्हणजे पुढे अडचण नको. कोळसा वाचवण्यावर सल्ला द्यायला खात्याने त्यांना बोलावले होते. डाक बंगल्यावर उतरले. त्यांच्याबरोबर एक चामडी पेटी होती आणि पेटीत गणित करायची सरकपट्टी. भट्टीपाशी ते एकदाच आले, नाकाला रुमाल लावून. बाकीचे संशोधन डाक बंगल्याच्या व्हरांड्यात झाले, कारण तिथे वारा चांगला असे.

चार दिवसांनी त्यांनी आम्हाला बोलावले. मोहतमीम साहेब आरामखुर्चीत होते. आमचे ओव्हरसियर पाठीमागे उभे होते, मान हलवायला तयार. सल्लागारांनी एक कागद पुढे केला आणि जिंकलेल्या माणसाच्या हळू आवाजात म्हणाले, "चुनखडी फोडायला लागणारी उष्णता कायम एकच असते, असं लोक समजतात. तसं नाही. ती तापमानाबरोबर बदलते."

हे अगदी खरे होते. मी मान हलवली.

"शंभर ग्रॅम शुद्ध चुनखडी घ्या. साध्या हवेच्या तापमानाला ती फोडायला साडेबेचाळीस हजार कॅलरी लागतात. नऊशे अंशांवर साडेएकोणचाळीस. बाराशेवर आणखी उतरून अडतीस. मी दगडाची, चुन्याची आणि वायूची उष्माधारकता घेऊन हे काढलंय."

हेही खरे होते. मी मनातल्या मनात गणित करून पाहिले. माणसाने बेरजा-वजाबाक्या चोख केल्या होत्या.

"याचा अर्थ उघड आहे," ते म्हणाले. "तुमची भट्टी नऊशेवर चालते म्हणून कोळसा खाते. ती बाराशेवर चालवा. जितकी तापवाल तितकी दगडाची मागणी कमी. सुरुवातीला थोडा जास्त लागेल, एकदा तापली की आपोआप कमी होईल."

ओव्हरसियर म्हणाले, "वाहवा." मोहतमीम साहेबांनी कागद हातात घेतला आणि उतरता आकडा पाहून त्यांचा चेहरा उजळला. खरे सांगायचे तर उतरता आकडा पाहून कुणाचाही उजळतो. बेचाळीस, एकोणचाळीस, अडतीस. धान्याचे भाव असे उतरले असते तर आम्ही सगळेच नाचलो असतो.

मी म्हणालो, "साहेब, पण दगड नऊशेपर्यंत न्यायला लागते ती उष्णता कुठं गेली?"

सल्लागारांनी माझ्याकडे प्रथमच पाहिले. "तुम्ही कोण?"

"इथला केमिस्ट."

"शिक्षण?"

"बी.एस्सी. हैदराबाद."

"अच्छा. म्हणजे उर्दूतून," ते हसले. "उष्माधारकतेला काय म्हणता तुम्ही तिकडं?"

"नौई हरारत म्हणतो," मी म्हणालो. "दगडाला मात्र काही फरक पडत नाही. मराठीत म्हणा, उर्दूत म्हणा, एक अंश चढायला त्याला तेवढीच उष्णता लागते."

मोहतमीम साहेबांच्या मिशीखाली काहीतरी हलले; पण तो दिवस सल्लागारांचा होता. त्यांनी रुमालाने कपाळ पुसले आणि सांगून टाकले, "केमिस्टनं नव्या पद्धतीवर सही करावी. म्हणजे अंमलात आणता येईल. सही नसेल करायची तर मग खात्याला केमिस्टची गरज काय, असं मला अहवालात लिहावं लागेल."

ओव्हरसियर बाहेर येऊन माझ्या कानाला लागले, "काहून अडून बसलाय तुमी? सही करा अन् कायम व्हा. साहेबांचा कागद हाय, तुमचा थोडाच."

"कागद त्यांचा, पण सही माझी."

"मग ती जरा न कळंल अशी करा," ते म्हणाले. फार मनापासून सांगत होते. त्या खात्यात त्यांची स्वतःची सही अशीच होती.

पुढच्या आठवडी बाजाराला वडील आले. गावाकडून बैलगाडीत बसून यायचे, सरकी विकायची आणि मला विचारायचे, कायम झाला का. या खेपेला मी त्यांना सगळे सांगितले. त्यांनी ऐकून घेतले, चिलीम भरली.

"मग कर की सही," ते म्हणाले.

"पण ते चूक आहे, बाबा."

"चूक कुणाची? त्याची ना? मग तुझं काय जातंय? दगड काय येऊन भांडून राहिला का तुझ्यासंगं?"

"चुना बिघडंल. वर कोळसाही जास्त जाईल."

"सरकारचा जाईल. तुला मुलगी पाहून राहिलो मी. मुलीचा बाप विचारतो, पोरगं पक्कं हाय का कच्चं. आता मी त्याला काय सांगू, पोरगं दगडासाठी अडून बसलंय म्हणून?"

वडिलांना चुन्याचे काही कळत नव्हते आणि त्यांना कळून घ्यायचेही नव्हते. ते जे म्हणत होते ते व्यवहाराने बराबर होते, आणि म्हणूनच मला त्याचा फार राग आला. मी म्हणालो, "शिकवलं काहून मग मला?" ते म्हणाले, "नोकरीसाठी," आणि चिलीम झटकून गाडीकडे निघाले.

मी सही केली नाही. पण उघड नाही म्हणण्याइतके धाडसही मी केले नाही. मी मोहतमीम साहेबांना अर्ज दिला, की सही करण्याआधी एकदा भट्टी बाराशेवर चालवून पाहू द्या. सल्लागारांनी ताबडतोब होकार दिला. स्वतःच्या गणितावर त्यांचा इतका विश्वास होता, की मला त्यांचा हेवा वाटला.

भट्टी पेटली. कोळशाचा थर जाड केला, खालची हवेची सगळी तोंडे उघडली. शंकू एकामागून एक माना टाकत गेले. मुकादम म्हणाला, "आता बसू द्या साहेबांना हितं, अंग शेकायला." सल्लागार व्हरांड्यातून दुर्बीण लावून धूर बघत होते. रोज संध्याकाळी ते निरोप पाठवत: आता कोळसा कमी लागू लागला असेल. आणि रोज मुकादम आणखी टोपल्या टाकायला लावत होता, कारण टाकल्या नाहीत तर ताप खाली यायचा. "एकदा तापली की" हा मुहूर्त काही येईना. स्टेशनावरचा ढीग खाली जाऊन त्याखालची काळी माती दिसू लागली, तेव्हा ओव्हरसियरांनीही वाहवा म्हणणे थांबवले.

मग चुना काढला. काढला म्हणजे फोडला. आमच्या चुनखडीच्या खड्यांत मातीचा अंश पुष्कळ असतो. नऊशेला त्यातून चांगला चुना मिळतो. बाराशेला ती माती चुन्याबरोबर वितळून चिकटते आणि त्याचा खंगर होतो, विटांच्या भट्टीत जळून काचेसारख्या झालेल्या विटांसारखा. पहारीने फोडावा लागला. जो भाग खंगर झाला नव्हता तो हौदात टाकला. चांगला कळीचा चुना पाण्यात पडला की फुसफुसतो, वाफा सोडतो आणि फुटून त्याचे पीठ होते. हा खाली जाऊन स्वस्थ बसला. आम्ही हौदाच्या काठावर उभे राहून वाट पाहत राहिलो. मोहतमीम साहेब, सल्लागार, ओव्हरसियर आणि मी, सगळे पाण्यात वाकून. एखाद्याचे काही विहिरीत पडल्यासारखे.

शेवटी मुकादम म्हणाला, "निजलंय वाटतं."

सल्लागार म्हणाले, "कोळसा हलका होता. माझे आकडे बरोबर आहेत."

मोहतमीम साहेब माझ्याकडे वळले. "मियाँ, आकडे गलत हैं क्या?"

"नाही साहेब," मी म्हणालो. "आकडे बराबर आहेत. तेच तर दुखणं आहे."

ते कपाळाला आठ्या घालून उभे राहिले. "समझाइए."

भट्टीच्या खोलीची भिंत चुन्याने पांढरी केलेली होती. मी कोळशाचा तुकडा घेतला आणि तिच्यावर एक चौकोन काढला. खालच्या डाव्या कोपऱ्यात लिहिले: गार दगड. वरच्या उजव्या कोपऱ्यात: नऊशे अंशांचा चुना आणि वायू. "साहेब, इथून तिथं जायला दोन रस्ते आहेत. पहिला रस्ता: आधी गार दगड गारच फोडायचा, साडेबेचाळीस. मग मिळालेला चुना आणि वायू नऊशेपर्यंत तापवायचे. त्यांना लागतात साडेवीस. बेरीज त्रेसष्ट. दुसरा रस्ता: आधी दगडच नऊशेपर्यंत तापवायचा. दगडाला लागतात साडेतेवीस. मग तिथं फोडायचा, साडेएकोणचाळीस. बेरीज?"

मोहतमीम साहेब इंजिनियर होते. त्यांनी क्षणभरही घेतला नाही. "त्रेसष्ट."

"त्रेसष्ट. यायला कुठल्याही रस्त्याने या, सुरुवात तीच आणि शेवट तोच, तर बेरीजही तीच. नऊशेवर फोडताना तीन हजारांची सूट दिसते ती कुठून आली? दगड तापताना साडेतेवीस पितो, आणि तोच दगड फोडून झालेले चुना नि वायू तापताना साडेवीसच पितात. तो तीनाचा फरक दगडाने वाटेतच जास्तीचा घेऊन ठेवलेला असतो. फोडताना तेवढे कमी मागतो. सूट नाही ती, साहेब. आधीच घेतलेलं परत केलंय."

मी चौकोनाच्या डोक्यावर आणखी एक चौकोन काढला, बाराशेपर्यंत. "आता बाराशेचं बघा. दगड बाराशेला फुटतच नाही, नऊशेलाच फुटून जातो. पुढे तापतात ते चुना आणि वायू, आणि त्यांना आणखी आठेक लागतात. त्रेसष्टचे झाले एकाहत्तर. आता वर चढणारा गरम वायू वरचा दगड थोडा तापवतो, तो भाग परत मिळतो, हे मी मान्य करतो. पण तो काही सगळा मिळत नाही. यांनी फक्त ही वरची आडवी रेघ बघितली," मी तिच्यावर अडतीस लिहून बोट ठेवले, "आणि तिथपर्यंत जायला किती लागलं ते पाहिलंच नाही."

मोहतमीम साहेबांनी भिंतीवरच्या रेघांवरून बोट फिरवून पाहिले. मग सल्लागारांना अगदी आदराने म्हणाले, "जनाब, आपने मंज़िल का ख़र्चा गिना. सफ़र का भूल गए."

सल्लागारांचे कान लाल झाले. ते म्हणाले, "अहवालात फक्त अभिक्रियेच्या उष्णतेचा प्रश्न होता. प्रवासाचा नव्हता." हे वाक्य मी आजवर कितीतरी साहेबांच्या तोंडी ऐकले आहे, वेगवेगळ्या शब्दांत: प्रश्न तो नव्हता. त्याच संध्याकाळच्या गाडीने ते गेले. भत्त्याचा कागद मात्र आधी सही करून घेऊन गेले.

मी मनात म्हणालो, आता कायम.

दुसऱ्या दिवशी मोहतमीम साहेबांनी बोलावले. त्यांनी मला खुर्ची दिली, तेव्हाच मला संशय आला. ते सावकाश म्हणाले, की त्या अहवालाची प्रत सल्लागारांनी आधीच हैदराबादला पाठवली आहे; तिच्यावर स्वतः मोहतमीम साहेबांची शिफारस आहे; आणि वरच्या साहेबांनी त्यावर संतोष व्यक्त करून भट्टी बाराशेवर चालवण्याचा हुकूम काढला आहे. हुकूम कालच आला. भट्टी बिघडल्याचे वर कसे कळवायचे?

"खरं कळवा," मी म्हणालो.

त्यांनी माझ्याकडे अशा दयेने पाहिले, की मी माझे वय मोजू लागलो.

"सुनिए. भट्टी आप नौ सौ पर चलाइए. हुकूम फाइल में रहेगा."

"आणि मी कायम?"

"कायम केमिस्ट को हुकूम पर दस्तख़त करना पड़ता है. हंगामी को नहीं."

मला हे समजायला जरा वेळ लागला. मी कायम झालो तर मला त्या चुकीच्या हुकमावर सही करावी लागणार. सही केली तर भट्टी बाराशेवर चालवावी लागणार. चालवली तर पूल पडणार. म्हणजे पूल उभा राहायचा असेल तर मी हंगामी राहायला पाहिजे. इतके चोख तर्कशास्त्र मी कॉलेजातही ऐकले नव्हते. साहेब मनाने वाईट नव्हते. त्यांना गणित समजले होते, आणि जे समजले होते ते त्यांनी भट्टीत वापरले; फक्त कागदावर आणले नाही. त्या दिवसापासून भट्टी नऊशेवर चालली, कोळसा कमी लागला, चुना हौदात फुसफुसला. खात्याने वर कळवले, की बाराशेच्या नव्या पद्धतीमुळे बचत झाली. सल्लागारांना म्हणे एक पत्र गेले, आभाराचे.

माझी मुदत वाढत राहिली. मुदत संपत आली की ओव्हरसियर येऊन विचारत, "मग, ह्या खेपी?" आणि मी म्हणे, "ह्या खेपीही हंगामी." वडिलांनी मुलीच्या बापाला सांगितले, "पोरगं कायमच हाय, फक्त कागद यायचा राहिलाय." त्यांच्या या एका वाक्यावर माझे लग्न झाले. बायकोला खरे कळायला वेळ लागला नाही. ती म्हणाली, "तुमच्या बाबांनी मला फसवलं, तुमच्या सायबानं तुमाला. बराबर झालं."

मग अठ्ठेचाळीस साल आले. निजामी गेली, खात्याच्या पाट्या बदलल्या, नवे अधिकारी आले. एक तरुण इंजिनियर फाइली घेऊन भट्टीवर आला. त्याला तो हुकूम सापडला होता. तो रागाने म्हणाला, "हुकूम बाराशेचा आहे. भट्टी नऊशेवर का चालते? कोणी परवानगी दिली?"

मी त्याला भिंतीवर चौकोन काढून दाखवला. तो शिकलेला होता. त्याने स्वतःच बेरीज केली, पुन्हा केली, आणि कोळशाने माझ्याच आकड्यांखाली रेघ ओढली.

"मग हा हुकूम एवढी वर्षं असाच?"

"असाच."

"आणि तुम्ही एवढी वर्षं हंगामी?"

"सही करायला नको म्हणून."

तो हसला नाही, हे मला आवडले. त्याने हुकूम रद्द केला आणि त्याच आठवड्यात मला कायम केले. त्याच्या पुढच्या आठवड्यात त्याने दुसरा हुकूम काढला, की आता सिमेंट मिळू लागले आहे, तेव्हा चुन्याची भट्टी बंद करावी.

तर मी कायम झालो, बंद भट्टीचा केमिस्ट. वडिलांनी गावात गूळ वाटला. ज्या म्हाताऱ्याने हैदराबादला कशाला जायचे म्हणून विचारले होते, त्यालाही दिला. भट्टी बंद झाली हे मी वडिलांना पुढच्या आठवडी बाजारापर्यंत सांगितले नाही. सांगितले तेव्हा ते म्हणाले, "तुझी नोकरी कायम हाय ना? मग ती बंद राहू दे की."